एकशे चव्वेचाळीस चौकटी

पांढऱ्या फलकावर एक हात येतो, काळ्या शाईने झरझर रेघा ओढतो, पाहता पाहता दुकान, नाणी, माणसे उभी राहतात आणि मागून कोणीतरी समजावत असते, अशा चित्रफिती आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिल्या आहेत. विमा, म्युच्युअल फंड, जीएसटी असा विषय क्वचितच असेल, ज्यावर या हाताने रेघ ओढलेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने 2010 च्या सुमारास विद्वानांच्या व्याख्यानांवर अशा चित्रफिती काढल्या आणि हा प्रकार जगभर पोहोचला. त्यात अँड्र्यू पार्क हे चित्रकार खरोखर फलकावर चित्र काढीत आणि ते चित्रण नंतर वेगाने दाखवले जाई. आज आपण पाहतो त्यातला हात बहुधा छायाचित्रातला असतो. संगणक रेघेची लांबी मोजतो, सुरुवातीला ती सगळी झाकून ठेवतो आणि टोकापासून हळूहळू उघडत नेतो. उघडणाऱ्या टोकाला हाताचे छायाचित्र चिकटवलेले असते. त्यामुळे हात काढतो आहे असा भास होतो.

हे सारे मला कळले ते गेल्या वर्षी. चोपड्यात आमच्याच परिचयातल्या एका तरुण दुकानदाराने एक लाख वीस हजारांचे कर्ज घ्यायचे ठरवले होते. बँक चौदा टक्के सांगत होती. दुसरीकडे एक जण बारा टक्के ‘फ्लॅट’ देत होता. तो म्हणाला, “काका, दोन टक्के वाचतात, मग बँकेच्या पायऱ्या कशाला झिजवू?” बँकेत असताना हा प्रश्न मी काउंटरवर कितीतरी वेळा ऐकला होता आणि जुन्या स्लिपच्या पाठीवर रेघा ओढून त्याचे उत्तर दिले होते. तोंडी सांगितले की लोक मान डोलावतात आणि निघून जातात. रेघा ओढू लागलो की मात्र थांबतात. पुतण्याची मुलगी वाणिज्य शाखेत शिकते. ती म्हणाली, “आजोबा, तुमच्या त्या रेघांची चित्रफीत करू.”

चित्र अगदी साधे आहे. एक मोठा चौकोन घ्यावा. उभ्या बाजूला रक्कम, दहा-दहा हजारांचे बारा भाग. आडव्या बाजूला बारा महिने. तेरा उभ्या आणि तेरा आडव्या रेघा ओढल्या की एकशे चव्वेचाळीस चौकटी होतात. प्रत्येक चौकट म्हणजे दहा हजार रुपये, एक महिना. बारा टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला एक टक्क्याने, एका चौकटीचे व्याज शंभर रुपये. ‘फ्लॅट’ पद्धतीत व्याज सगळ्या चौकटींवर लागते, म्हणून 14,400 रुपये. पण कर्जदार दर महिन्याला दहा हजार मुद्दल फेडत असतो. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे बारा चौकटींचा पैसा असतो, दुसऱ्यात अकरा, शेवटच्यात फक्त एक. ही उतरती शिडी काढली की तिच्याखाली अठ्ठ्याहत्तर चौकटी उरतात, म्हणजे 7,800 रुपये. वरच्या सहासष्ट चौकटींचा पैसा त्याने केव्हाच परत केलेला असतो. त्यावरचे 6,600 रुपये तो निष्कारण भरतो. बँक चौदा टक्के लावते, पण शिडीखालच्याच चौकटींवर; ते व्याज 9,100 रुपये होते. म्हणजे ‘स्वस्त’ बारा टक्के 5,300 रुपयांनी महाग पडतात. (बँकेचा हप्ता दर महिन्याला सारखा असल्याने पायऱ्या किंचित असमान होतात आणि आकडा थोडा वाढतो, चित्रासाठी मी मुद्दल समान धरले.)

हे चित्र तयार छापून समोर ठेवले तर लोक त्यात हरवतात. बारा उभे, बारा आडवे, शिडी आणि आकडे एकाच क्षणी डोळ्यांत शिरतात. रेघा एकेक करून आल्या की पाहणारा विचारतो, ‘आता पुढे काय?’ म्हणून रेघांचा क्रम हीच खरी मांडणी होय. आम्ही आधी जाळे काढले, मग सगळे रंगवून 14,400 लिहिले आणि त्यानंतर शिडी ओढून वरच्या चौकटी खोडल्या. शिडी आधी आली असती तर वरच्या चौकटी जाणारच होत्या असे वाटले असते; आधी भरलेले नंतर खोडताना पाहणाऱ्याचा हात खिशाकडे जातो. आवाजही आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावा आणि रेघा त्याच्या गतीने बसवाव्यात. एकेक चौकट वेगळी काढायला लावली तर बोलणे संपून जाते आणि हात बापडा रेघा ओढतच राहतो. सव्वीस रेघांचे जाळे मात्र पंधरा सेकंदांत उभे राहते.

मराठी अक्षरांनी मात्र आम्हांला फार छळले. फाँटमध्ये अक्षराची बाह्यरेषा साठवलेली असते, लेखणी ज्या मधल्या वाटेने चालते ती वाट नसते. त्यामुळे ‘व्याज’ टंकले की हात अक्षराभोवती कुंपण घातल्यासारखा फिरतो. असे कोणी लिहीत नाही आणि हे खोटे आहे, असे पाहणाऱ्याला चटकन जाणवते. त्यात जोडाक्षरे न ओळखणाऱ्या साधनात ‘हप्ता’ फुटून ‘हप्‌ता’ होतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न राहता मागे जाऊन बसते. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे ‘मुद्दल’, ‘हप्ता’, ‘किंमत’ हे तीन शब्द आधी टंकून पाहावेत. आम्ही शेवटी इंकस्केप या मोफत साधनात अक्षरे हाताने गिरवली, प्रत्येक वळण वेगळी रेघ म्हणून. शाळेत शिकवल्याप्रमाणे आधी अक्षरे आणि शेवटी शिरोरेघ. रेघा ज्या क्रमाने साठवल्या त्याच क्रमाने हात चालतो. तेरा शब्दांना दोन दिवस लागले. हस्ताक्षर माझे होते, हे मला आवडले हे कबूल केले पाहिजे.

तीन मिनिटांची ती चित्रफीत दुकानदाराने दोनदा पाहिली. शिडी अर्धी आली तेव्हा त्याने थांबवली आणि बोटाने चौकटी मोजल्या. मग विचारले, “काका, हा साडेसहा हजारांचा खड्डा कागदावर कुठे लिहिलेला असतो?” त्याचे उत्तर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्तसंस्थांनी व्यक्तिगत व छोट्या उद्योगांच्या नव्या मुदत कर्जासोबत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात खर्चासह वार्षिक टक्केवारी, म्हणजे एपीआर, दाखवावी लागते. बारा टक्के ‘फ्लॅट’ची ही टक्केवारी, कोणताही इतर खर्च न धरता, सुमारे साडेएकवीस निघते. त्याने तो कागद मागितला. समोरच्याने “नंतर देतो” म्हटले आणि हा बँकेच्या पायऱ्या चढला.

एक गोष्ट या चित्रात अजून आलेली नाही. प्रक्रिया शुल्क आधीच कापले जाते, म्हणजे हातात दोन हजार कमी येतात आणि व्याज मात्र पूर्ण एक लाख वीस हजारांवर लागते. पहिल्या स्तंभाची वरची चौकट अर्धवट भरायची की सगळ्या चित्रालाच खालून उचलायचे, यावर आमच्या घरात वाद चालू आहे.