वाटेवरच्या चार पाट्या



नाशिकच्या एका गिर्यारोहण गटाने आमच्या चौथीच्या वर्गाला एक काम दिलं होतं. कळसूबाईची वाट बारी गावातून जिथे सुरू होते, तिथे कचऱ्याबद्दल चार पाट्या लावायच्या होत्या आणि त्यावरची घोषवाक्यं आमच्या मुलांनी लिहायची होती. घोषवाक्य लेखन आपण भाषेच्या तासाला घेतोच, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी मुलांनी वह्या भरून टाकल्या. 'स्वच्छ डोंगर, सुंदर डोंगर' अशी वाक्यं भराभर आली. यमक जुळलं की मी शाबासकी देत होते. एका मुलाने लिहिलं, 'प्लास्टिक विकतो जो, डोंगराचा वैरी तो.' ठेका छान होता. मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात नमुना म्हणून लिहिलं.

मधल्या सुट्टीत एक मुलगी एकटीच कोपऱ्यात डबा घेऊन बसली होती. डबा उघडलाही नव्हता. विचारलं तर हळूच म्हणाली, "बाई, वाटेवर पाणी आणि वेफर्स माझे बाबाच विकतात."

मी फळा पुसला. पण नुसता फळा पुसून भागणार नव्हतं. पाटी लागणार त्या वाटेवर खरं काय घडतं हे न बघताच मी यमकं तपासत बसले होते. म्हणून त्या रविवारी पहाटे तिच्या बाबांच्या टपरीवर जाऊन बसले.

कळसूबाई महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. सूर्योदय बघायला लोक अंधारातच चढायला लागतात. कपाळावर टॉर्च असतो, पाठीवर सॅक असते. एकदा चढ लागला की कोणी पाटी वाचायला थांबत नाही. थांबतात ते गाडी लावतात तिथे, बुटाची नाडी बांधताना आणि चहा घेताना. पाटीची जागा तीच.

दुसरी गोष्ट त्या मुलीच्या बाबांनी सांगितली. "बाई, बाटली वाटेत फेकणारे थोडे. पुष्कळ जण ती दगडाच्या मागं नाहीतर झुडपात नीट ठेवून जातात." म्हणजे कचरा करू नये हे त्यांना माहीत असतं, म्हणून तर लपवतात. त्या रिकाम्या बाटलीचं करायचं काय, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. वर कचराकुंडी ठेवून भागत नाही. माकडं ती उपडी करतात आणि भरलेली कुंडी पाठीवर घेऊन शिड्या उतरणार कोण? म्हणून 'कचरा कुंडीतच टाका' हे वाक्य शाळेच्या पटांगणात चालतं, तिथे चालत नाही.

सोमवारी मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : हे वाचून माणसाने हाताने नेमकं काय करायचं? मग मुलांनी आपापली वाक्यं पुन्हा वाचली. 'स्वच्छ डोंगर'ला उत्तर नव्हतं. 'निसर्ग आपला मित्र'लाही नव्हतं. वहीतली बहुतेक वाक्यं मुलांनी स्वतःच खोडली, मला काही सांगावं लागलं नाही.

मग आम्ही एक लिटरची पाण्याची बाटली वजनकाट्यावर ठेवली. भरलेली एक किलोच्या थोडी वर, रिकामी 25 ग्रॅमच्या आसपास. एक मुलगा पटकन म्हणाला, "एवढी जड वर नेली आणि एवढी हलकी खाली आणवत नाही?" पहिली पाटी तिथेच झाली :

भरलेली वर नेलीत, रिकामी खाली आणा.

दुसरी पाटी मी टपरीवरून आणलेल्या पिशवीतून निघाली. त्या वाटेवर मी उचललेल्या कचऱ्यात अख्ख्या पुड्यांपेक्षा पुड्यांचे फाडलेले कोपरे जास्त होते. पुडा माणूस खिशात ठेवतो, पण दाताने फाडलेला चिमुकला कोपरा हातातून कधी सुटला ते त्याला कळतही नाही. पुडा फोडा, कोपरा खिशात. यमक नाही, पण करायचं काय ते कळतं.

तिसरी फळांच्या सालींबद्दल होती. साल कुजते, मग टाकली तर काय बिघडलं, असं एका मुलीने विचारलं. प्रश्न रास्त होता. साल कुजते, पण त्याआधी तिच्या वासाने माकडं वाटेवर येतात आणि नंतर माणसांच्या हातातल्या पिशव्या ओढायला शिकतात. म्हणून लिहिलं, सालही पिशवीतून खाली.

एका गटाने लिहिलं होतं, 'रोज शेकडो लोक इथे कचरा करतात!' वाटलं, चांगला चटका आहे. पण असं वाक्य उलटं काम करू शकतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात दगड झालेल्या लाकडाचे तुकडे लोक उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सिआल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळ्या पाट्या तपासल्या. 'आधीच्या अनेक लोकांनी तुकडे नेले' असं सांगणारी पाटी होती, तेव्हा 'कृपया नेऊ नका' या पाटीपेक्षा जास्त तुकडे गेले. सगळेच नेतात म्हटल्यावर माणसाला आपलंही चालेल असं वाटतं. मुलांना हे समजावायला वेळ लागला नाही. एक जण म्हणाला, "सगळ्यांनी गृहपाठ केला नाही म्हटलं की मलाही बरं वाटतं." आम्ही 'शेकडो' काढून टाकले.

मग पटांगणावर परीक्षा घेतली. कार्डशीटवर वाक्य लिहून एकाने धरायचं, दुसऱ्याने पंधरा पावलांवरून न थांबता चालत यायचं आणि पुढे गेल्यावर वाक्य तोंडपाठ सांगायचं. सहा शब्दांच्या वरचं वाक्य कोणालाच पूर्ण सांगता आलं नाही. चकचकीत रंगावर टॉर्च मारला तर अक्षरं दिसेनाशी होतात, हे वर्गाच्या खिडक्या बंद करून बघितलं. म्हणून पिवळ्या मॅट रंगावर काळी अक्षरं ठरली.

चौथी पाटी त्या मुलीची. ती म्हणाली, "बाई, वर जाताना वाचलेलं उतरताना कुठं लक्षात राहतं? मागच्या बाजूला पण लिहू या." उतरणाऱ्याला दिसेल अशा बाजूला तिने लिहिलं :

बाटली इथे घेतलीत? रिकामी इथेच द्या.

हे वाक्य खरं ठरायला टपरीवर पोतं टांगावं लागणार होतं. तिच्या बाबांनी ते टांगलं. परिसर अभयारण्यात येतो, म्हणून गटाने वनविभागाची परवानगी घेतली आणि झाडांना खिळे न ठोकता पाट्या खांबांवर उभ्या केल्या. पोतं भरलं की गटातलं कोणीतरी ते घेऊन जातं. बाटल्या भंगारवाला घेतो. वेफर्सच्या चकचकीत पुड्या तो घेत नाही, त्या नाशिकला परत न्याव्या लागतात. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा पोत्यात बाटल्या होत्या. फाडलेले कोपरे मात्र वाटेवर अजून पडलेलेच होते. दुसरी पाटी आम्हाला पुन्हा लिहावी लागेल असं दिसतंय.

ज्या मुलाने 'वैरी' लिहिलं होतं, त्याने खांबाजवळ उभं राहून चौथी पाटी मोठ्याने वाचली आणि तिला म्हणाला, "तुझीच सगळ्यात भारी." ती काही बोलली नाही. पोत्याचं तोंड नीट उघडं आहे ना, ते बघत राहिली.