"काय पण घाला" म्हणाले ते!

मंडळी, ही गोष्ट माझ्या पहिल्या नोकरीची. आमचं घर अफझलगंजात, उस्मानिया दवाखान्याच्या मागच्या अंगाला. नोकरी लागली बंजारा हिल्सच्या एका जाहिरात कंपनीत, चित्रं काढायची. पत्रात पगार होता, वेळ होती, कपड्यांबद्दल अक्षर नव्हतं. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "काय पण घाला." घ्या! यापेक्षा गणवेश सांगितला असता तर बरं.

आईनं कपाटातून नारायणपेठी काढली. दादा म्हणाला, "जीन्स घाल गे, तिथं साडी कोण नेसतंय?" घरात दोन तट पडले. नवीन कपडा एकच परवडणार होता, म्हणून मी आदल्या आठवड्यात संध्याकाळी सहाला त्या ऑफिससमोरच्या चहावाल्याकडं जाऊन बसले. सुटणारी माणसं बघितली. बहुतेक टी-शर्टात किंवा कुर्ता-जीन्समध्ये. पण दोघं इस्त्रीच्या शर्टात, हातात फायली. ते गिऱ्हाइकाकडं जाणारे असणार. पहिल्या दिवशी आपल्याला कुठं धाडतील, काय की!

मग नयापूल ओलांडून पत्थरगट्टीला गेले. पोचमपल्लीचं कापड मागितलं तर दुकानदारानं आधी छापील दाखवलं. उलटं करून बघितलं, मागची बाजू फिकी. खऱ्या इकतात सूत विणायच्या आधीच बांधून रंगवतात, त्यामुळं नक्षी दोन्हीकडं सारखी दिसते आणि तिच्या कडा जराशा पसरट असतात. लाल आवडला होता, पण ओला पांढरा रुमाल घासला तर गुलाबी झाला. मग निळा घेतला, अडीच मीटर. घरी धुऊन, वाळवूनच शिंप्याकडं दिला, नाहीतर शिवल्यावर आटतो. बाह्या कोपराच्या जरा खाली ठेवल्या. पूर्ण बाही शाईत बुडते, हे मला कॉलेजात कळलं होतं.

आदल्या रात्री सगळं घालून जमिनीवर मांडी घातली, भिंतीवर हात उंच करून बघितला. टेबलावर हात ठेवला की बांगड्या खडखडायच्या, त्या काढल्या. एकच ठेवली, आईसाठी. साधी काळी ओढणी घडी करून पिशवीत टाकली.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी फरशीवर बसून पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवत होते. गुडघ्याला डिंक लागला, पण काळ्या पँटवर दिसला नाही. तीन वाजता साहेब म्हणाले, "चला, गिऱ्हाइकाकडं जायचंय." पिशवीतून ओढणी काढली, केस बांधले, निघाले.

रात्री आईनं दारातच विचारलं, "काय म्हणाले गं कपड्यांना?"

"कोणी काहीच नाही म्हणालं."

आई जरा हिरमुसली. नारायणपेठी अजून खुर्चीवरच होती, इस्त्री करून ठेवलेली.