गंजातला चहा

सेवाग्राम इतकं जवळ असूनही सिंदी मेघेतल्या आमच्या घरातून चहा कधी हटला नाही. लहानपणी तो बशीत मिळायचा, चहा कमी अन् दूध जास्त. लग्नानंतर गंज माझ्या हाती आला. मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी पपई बंद केली, चहा नाही. उलट मळमळतं म्हणून आल्याचा कोरा चहा जास्तीचा मिळायचा. चहात मोजण्यासारखं काही असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सुनेला दुसरा महिना लागला आणि तिने विचारलं, "आई, दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं म्हणतात. मग आपला कप केवढ्याचा धरायचा?"

प्रश्न रास्त होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब १५० मिलीलिटरच्या कपाचा आहे. त्यात चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफी असेल तर ५० ते ६५. तिच्या आवडत्या मगात पाणी मापून ओतलं, तर ३०० मिलीलिटर मावलं. म्हणजे सकाळचा 'एक कप' खरं तर दोन. आमची चहापत्ती चांगली उकळते, म्हणून वरचा आकडा धरला. सकाळी १३०, ऑफिसातली कॉफी ६५, संध्याकाळचा चहा ६५. शिवाय मळमळीवर उतारा म्हणून ती कोला प्यायची, त्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीचे ३० च्या आसपास. बेरीज २९०.

जागतिक आरोग्य संघटना ३०० च्या वर घेणाऱ्या गर्भवतींना कमी करायला सांगते, कारण त्यापुढे गर्भपाताचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढू शकतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना २०० वर थांबते. कॅफिन वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, ते पचवायची यंत्रणा त्याच्याकडे नसते, आणि दिवस भरत जातात तसं आईच्या अंगातूनही ते हळूहळू उतरतं. आम्ही २०० धरले. सकाळचा मग अर्धा केला, कोला सोडला, झाले १९५.

तरी या आकड्यांना लक्ष्मणरेषा समजू नये. ज्यांचा गर्भ नीट रुजलेला असतो त्यांना बहुधा मळमळ जास्त होते, आणि मळमळ झाली की कॉफीचा वासही नको होतो. त्यामुळे जास्त कॉफी पिणाऱ्यांमध्ये गर्भपात जास्त दिसले, तरी सगळा दोष कॉफीच्याच माथी मारता येत नाही. एखाद्या दिवशी एक कप जास्त झाला म्हणून रात्रभर जागण्याचं कारण नाही.

शेजारच्या एकीने धास्तीने चहा एकदम तोडला. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं असं ठणकलं की ती औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन आली. सुनेने पाकीट उलटून वाचलं, तर पॅरासिटामॉलच्या खाली कॅफिन लिहिलेलं. ती गोळी परत केली, आणि डॉक्टरांना फोन लावून साधी कुठली घ्यायची ते विचारलं. चहा त्यांनी एकेक कप करत कमी करायला सांगितला.