कलपाची परीक्षा

उरणच्या घरी दिव्याच्या पिवळ्या उजेडात मी स्वतः लावलेला कलप निर्दोष भासे. मोरा बंदरातून सुटलेल्या लाँचवर सकाळच्या उन्हात मात्र पत्नी हळूच म्हणाली, “अहो, केसांना पितळेची झाक आली आहे!”

घरी परतताच तिने मला खिडकीपाशी बसवून, ठिकठिकाणी भांग पाडून परीक्षा केली. टोकांकडे पितळी झाक होती: कलपाने केसांचा मूळचा काळेपणा थोडा विरतो, आणि वरचा रंग उडाला की खालचा तांबूसपणा उघडा पडतो. कानांमागे पांढरे पट्टे होते. तेथे कलप पोचलाच नव्हता. हे दोन्ही दोष माझ्या हाताचे. भांगालगतची सरळ पांढरी रेघ मात्र दोष नव्हे. केस महिन्याला सुमारे अर्धा इंच वाढतात. ती रेघ वयाने ओढलेली होती. कलपाची वाटी मी पुन्हा फळीवर ठेवून दिली.