सप्तमेश षष्ठात

एका मुलीची आई आधी एकटीच आली होती. 2018 चा पावसाळा होता. ओली छत्री दाराबाहेर ठेवून त्यांनी पिशवीतून पत्रिकेची घडी काढली आणि बसायच्या आधीच विचारलं, "ताई, दुसऱ्या लग्नाचा योग आहे का, तेवढं बघा. पहिल्याचं आता काही खरं नाही."

मी घडी न उलगडताच परत दिली. म्हटलं, "काकू, मुलीला पाठवा. तिची पत्रिका मी तिच्यासमोरच उघडेन." त्या जरा रागावूनच गेल्या.

हा नियम मी एका चुकीतून शिकले. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका सासूबाईंनी सुनेची पत्रिका दाखवली आणि मी उत्साहात बोलून गेले, "हिला दोन विवाहांचा योग दिसतो." त्या घरात हे वाक्य पुढे वर्षभर त्या मुलीच्या विरोधात वापरलं गेलं. भांडण कशावरूनही होवो, शेवट "ही काही टिकायची नाही, पत्रिकेतच आहे" असा व्हायचा. हे मला तिच्याच तोंडून कळलं. पत्रिकेत काय होतं ते मला आज नीट आठवतही नाही. माझं वाक्य मात्र आठवतं.

पंधरा दिवसांनी काकूंची मुलगी आली. पत्रिका बघण्याआधी मी तिला विचारलं, "घरी मारहाण, धमकी असं काही आहे का?" हा प्रश्न मी ग्रहांच्या आधी विचारते. उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी पत्रिका उघडत नाही. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून देते, वकिलाकडे जायला सांगते. "शनी बदलेपर्यंत कळ काढा" हे वाक्य अशा घरात जीवावर बेतू शकतं. ती म्हणाली, तसं काही नाही. नवरा बोलत नाही, दोघं एका घरात परक्यासारखी राहत होती, आणि आता ती दोन महिन्यांपासून माहेरी आहे.

जन्म फेब्रुवारी 1989 च्या शेवटचा, दुपारी साडेचारचा. कर्क लग्न. सप्तमात मकर रास, म्हणून सप्तमेश शनी, आणि तो षष्ठात धनू राशीत. षष्ठ हे सप्तमाचं व्ययस्थान, म्हणजे सातव्यापासून मोजलं तर बारावं. त्यामुळे विवाहात जे खर्ची पडतं, तुटतं, वादात जातं, ते इथे बघायचं. विवाहाचा कारक शुक्र आठव्यात, राहूबरोबर आणि रवीच्या इतका जवळ की अस्तंगत. तोच रवी द्वितीयेश, म्हणजे कुटुंबस्थानाचा स्वामीही आठव्यातच. पुस्तक उघडून बसलेला विद्यार्थी दहा मिनिटांत 'विभक्त' लिहून मोकळा होईल. शनीची महादशा 2015 ला लागली होती आणि लग्न 2014 चं. तेव्हा छत्तीसपैकी सत्तावीस गुण जुळले होते. मंगळ दहाव्यात, म्हणजे मंगळदोषही नाही. जुळवणाऱ्यानं चंद्रावरून गुण मोजले. सप्तमेश कुठे बसलाय आणि पुढची दशा कोणाची, हे कोणी पाहिलं नाही.

पण याच पत्रिकेत गुरू लाभस्थानात वृषभेत आहे आणि त्याची नववी दृष्टी थेट सप्तमावर पडते. तोच षष्ठेश आणि तोच भाग्येश. शनी ज्या राशीत बसलाय तिचा मालकही तोच. म्हणजे तोडणारं आणि राखणारं सूत्र एकाच हातात आहे. अशा ठिकाणी मी थांबते, कारण इथून पुढे मी जे सांगेन ते शास्त्रापेक्षा माझ्या स्वभावातून येण्याचा धोका जास्त.

सप्तमेश षष्ठात असलेली आणखी एक पत्रिका मी कित्येक वर्षं बघते आहे. तो गृहस्थ व्यापारी जहाजावर असतो. वर्षातले सहा-सात महिने नवरा-बायको वेगळे, आणि संसार उत्तम चाललाय. तिथे षष्ठस्थानानं वियोग दिला, घटस्फोट नाही. पत्रिका अंतर दाखवते. ते अंतर बोटीनं पडलं की अबोल्यानं, हे माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या विवाहाबद्दल तर आमच्यातच एकमत नाही. कोणी द्वितीय स्थान बघतात, कारण ते सप्तमाचं आठवं, पहिल्या संबंधाच्या शेवटानंतरचं. कोणी नवम बघतात, कारण ते सप्तमापासून तिसरं, आणि तिसरं स्थान पाठच्या भावंडाचं. म्हणजे पहिल्या विवाहाचं धाकटं भावंड. दोन्ही युक्तिवाद मला पटतात, आणि नेमकं म्हणूनच एकावर भरवसा ठेवून तारीख देता येत नाही. शिवाय जुन्या ग्रंथांतला शब्द आहे 'द्विभार्या योग'. तो पुरुषाच्या बाजूनं लिहिलाय, आणि पहिली बायको घरात असतानाच दुसरी आणण्याला मुभा होती त्या काळातला आहे. मुंबई प्रांतात त्याला कायद्यानं बंदी आली 1946 साली, आणि हिंदू विवाह कायदा आला 1955 साली. त्या योगाचं वाक्य उचलून आजच्या बाईला चिकटवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे कपडे तिला घालणं.

जन्मवेळेचंही बघायला हवं. नवमांश लग्न साधारण तेरा मिनिटांनी बदलतं. तिची वेळ 'साडेचार' अशी गोल लिहिलेली. थोडी मागेपुढे केली की नवमांश लग्न वृश्चिकाचं धनू होतं, आणि नवमांशातला शनी लाभातून दशमात जातो. पहिल्यात विवाहाला बळ, दुसऱ्यात नाही. रुग्णालयाच्या नोंदीत मिनिटं नव्हती. ज्या आधारावर मी 'होईल' किंवा 'होणार नाही' म्हणणार, तोच असा हलता.

तेव्हा तिला सांगितलं ते इतकंच. "2015 पासून लग्नावर ताण दिसतो, तो तू अनुभवते आहेसच. तो एकदम निवळेल असं मला दिसत नाही. मोडेलच असंही दिसत नाही. तुला राहायचंय की निघायचंय, हे ग्रहांना ठरवायला देऊ नकोस. कुटुंब न्यायालयात समुपदेशक असतात, दोघांनी एकदा तिथे बसून बघा." ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही काहीच सांगत नाही." मी म्हटलं, "जेवढं दिसतं तेवढं सांगितलं."

पुढे परस्परसंमतीनं तिचा घटस्फोट झाला. त्याला वेळ लागला. 2023 मध्ये शनीत शुक्राची अंतर्दशा चालू असताना ती पुन्हा आली, या वेळी आईला घेऊन. काकूंनी तोच प्रश्न विचारला. शुक्र विवाहाचा कारक, शिवाय लाभेश, त्यामुळे मोह होताच. '2025 च्या आत' हे शब्द जिभेवर आले होते. मी म्हटलं, "स्थळं बघायला हरकत नाही, काळ प्रतिकूल नाही. पण तारीख देणार नाही. आणि तिला नको असेल तर हा काळ फुकट गेला असं समजू नका." मुलगी आईकडे बघत होती. तिनं तेव्हा काही विचारलं नाही.

कर्क लग्नाला शुक्र चतुर्थेशही असतो, म्हणजे घराचा स्वामी. ती अंतर्दशा 2025 मध्ये संपली. त्या काळात तिनं स्वतःच्या नावावर एक खोली-स्वयंपाकघराचं घर घेतलं. तिच्या पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीनं नोंद ठेवली आहे: शनी-शुक्र, घर. दुसरा विवाह, माहीत नाही.