काठावरचं धान

गोंदियात सरकारी खरेदीला धानाच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. परवा एका नमुन्याचा मीटरचा आकडा काठावर आला, म्हणून मी ओव्हन लावला. दळलेलं धान ५.००० ग्रॅम, कोरड्या डबीत, १०५ अंशांवर. तीन तासांनी वजन ४.१६२, म्हणजे ओलावा १६.८. पास! तरी डबी परत आत ठेवली. तासाभराने ४.१४१. आणखी तासाने ४.१४०, घट थांबली. ओलावा १७.२.

वजनाआधी दरवेळी डबी डेसिकेटरमध्ये गार करायची. गरम डबीभोवतीची हवा वर चढते, काटा वजन कमी दाखवतो आणि नसलेलं पाणी शेतकऱ्याच्या माथी येतं. हे धान मात्र खरंच ओलं होतं.

"काका, दोन दिवस उन्हात घाला," म्हटलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. ढग होते.