आद्याक्षर कुणाचं, आडनाव कुणाचं?

मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून नोंद गेली, पण नावाचा रकाना आम्ही कोराच ठेवला. तसं करता येतं. जन्माची नोंद झाल्यावर बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर विलंब शुल्क लागत नाही, आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. आम्हाला घाई नव्हती. घाई घरच्यांना होती.

तिसऱ्या दिवशी आई मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "रो आलंय. रोहिणी, रोशनी, काहीतरी बघा." आमच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, रविवारी विहारात वंदना होते, आणि तरीही जन्मवेळ कुणीतरी कुठल्यातरी अॅपमध्ये टाकली होती. आपल्यातल्या किती घरांत हे गुपचूप चालतं, हे समाजकार्याच्या निमित्ताने घरोघरी फिरताना आम्ही पाहिलं आहे. त्यामुळे आईवर रागावण्यात अर्थ नव्हता. तिला विचारलं, "हे 'रो' आलं कुठून, माहीत आहे?"

माहीत नव्हतं. मग आम्हीच शोधलं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. 'रो' हे स्वाती नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर. स्वाती येतं तूळ राशीत. इथपर्यंत लोकांना ठाऊक असतं. पुढचं असं की लग्नाचे गुण जुळवताना पहिला गुण 'वर्णा'चा असतो, आणि त्यासाठी बाराही राशी चार वर्णांत वाटलेल्या आहेत. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. म्हणजे ज्या समाजाने १९५६ साली नागपुरात तो धर्म सोडला, त्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला आम्ही तिसऱ्याच दिवशी पुन्हा शूद्र करून घेत होतो, आणि तेही नावाच्या पहिल्या अक्षरातून. आईने ते ऐकलं आणि मोबाइल बाजूला ठेवला.

याच सुमारास मनमाडहून एका शीख मित्राचं बोलावणं आलं. त्याच्याही घरी मुलगी झाली होती आणि गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात नामकरण होतं. आम्ही बाळाला घेऊनच गेलो. वाटेत येवल्याचा विषय निघणारच. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली ती आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते अमृतसरला शीख मिशन परिषदेला गेले. शीख धर्माचा त्यांनी गांभीर्याने विचार केला होता. तो मार्ग आपण घेतला नाही, पण त्यात बाबासाहेबांना काय दिसलं असेल हे पाहायला आपण सहसा जातही नाही.

तिथे जे पाहिलं ते साधं होतं. आई-वडील बाळाला घेऊन संगतीत बसले, अरदास झाली. मग ग्रंथींनी गुरू ग्रंथ साहिब उघडला. पान ठरवून काढायचं नसतं, जे उघडेल ते. डाव्या पानाच्या वरच्या बाजूला जो शबद असेल तो वाचायचा. तो मागच्या पानावर सुरू झाला असेल तर पान मागे उलटून त्याच्या सुरुवातीपासून वाचायचा. हाच हुकूमनामा. त्याच्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर, तेच बाळाच्या नावाचं. त्या दिवशी 'ग' आला. गुरप्रीत, गुरलीन, गगनदीप अशी नावं कुजबुजली गेली, घरच्यांनी एक ठरवलं, ग्रंथींनी त्यामागे 'कौर' लावून ते संगतीला ऐकवलं. जयकारा झाला, कडा प्रसाद वाटला. हुकूमनामा स्वराने सुरू झाला तर काय, असं आम्ही मित्राला विचारलं. गुरमुखीत उ, ऊ, ओ हे एकाच 'ऊडा' अक्षरावर उभे राहतात, त्यामुळे ओंकार चालतं आणि उत्तमही चालतं, असं तो म्हणाला.

जन्मवेळ कुणीच विचारली नाही. शिवाय त्या ग्रंथात संत नामदेवांची पदं आहेत, कबीरांची आहेत, चांभार जातीत जन्मलेल्या रविदासांची आहेत. समजा, पान रविदासांच्या 'बेगमपुरा' या शबदावर उघडलं. तर अक्षर 'ब'. मग जाट जमीनदाराच्या घरचा मुलगा असो की मुलगी, तो बलजीत सिंग आणि ती बलजीत कौर. पहिलं नाव दोघांना तेच चालतं. मुलगा की मुलगी हे मागच्या शब्दावरून कळतं. आणि हा 'कौर' वडिलांकडून आलेला नसतो, नवऱ्याकडूनही येत नाही. लग्नानंतर तो तसाच राहतो. १६९९ साली आनंदपुरात जे पाच प्यारे पुढे आले त्यांत बीदरचे एक न्हावी होते, पुरीचे एक पाणक्ये होते. पाचही जण सिंग झाले. स्त्रियांचं 'कौर' एका दिवसात सार्वत्रिक झालं नाही, पण आज शीख रहत मर्यादेत दोन्ही लिहिलेली आहेत.

आता दुसरी बाजू, कारण भारावून जाऊन लिहिणं आपल्या कामाचं नाही. सिंग-कौरच्या मागे संधू, गिल, धालीवाल अशी गोतं परत आलीच. मजहबी, रामदासिया हे शब्द पुसले गेले नाहीत. पंजाबात कित्येक गावांत गुरुद्वारेही जातीनुसार वेगळे आहेत. आणि आपल्याला हे पंजाबातून शिकायची गरजच काय? नाशिकमध्ये गायकवाड हे आडनाव घ्या. बडोद्याचे राजेही गायकवाड आणि काळाराम सत्याग्रहाचे आपले दादासाहेबही गायकवाड. आडनाव एकच असूनही भाड्याची खोली बघायला गेलात की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठले गायकवाड?" आडनाव सारखं असलं म्हणून जात लपत नाही, फक्त एक प्रश्न वाढतो. तो प्रश्न बंद होतो लग्नं जातीबाहेर होऊ लागली की. तिथे शीख समाजही अडला आहे आणि आपणही, बौद्धांमधल्या पोटजातींची स्थळं बघा.

तरी आम्ही आडनाव टाकायचं म्हणत होतो. इथे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला थांबवलं. मुलीला पुढे जात पडताळणी लागेल. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा पाहतात, वंशावळ जोडावी लागते, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यातली नोंद दाखवावी लागते. त्या साखळीला बांधणारी गोष्ट बहुतेक वेळा आडनावच असतं. ते मध्येच तुटलं की समितीची शंका, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आणि प्रवेशाची तारीख निघून गेलेली. ज्या सवलतीसाठी बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं, ती एका घराच्या हौसेपायी मुलीने का गमवावी? पंथाने मिळून घेतलेलं आडनाव आणि एका जोडप्याने टाकलेलं आडनाव यांत हाच फरक आहे. कॅनडाच्या व्हिसा कार्यालयाने 'सिंग' आणि 'कौर' हे आडनाव म्हणून पुरेसं नाही असं धरलं होतं. २००७ साली शिखांनी आवाज उठवला तेव्हा ते मागे घ्यावं लागलं. आमच्या एकट्याच्या घरासाठी कोण आवाज उठवणार होतं?

मग ग्रंथ उघडून अक्षर काढायचं का, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेऊन? एका मैत्रिणीने सुचवलं होतं. आम्हाला पटलं नाही. शिखांसाठी तो ग्रंथ म्हणजे गुरूच आहे, म्हणून तिथे उघडलेलं पान हा गुरूचा हुकूम असतो. आपण तसं मानत नाही. मग तेच केलं तर ती सोडत झाली. आमच्या पणजोबांच्या पिढीला दगडू, धोंडू, कचरू अशी नावं मिळाली, ती त्यांनी निवडलेली नव्हती. निवडणं हेच आपल्याकडे नवं आहे, ते पुन्हा योगायोगावर का सोडायचं?

गुरुद्वाऱ्यातून आम्ही एकच गोष्ट घेतली: मुलीचं नाव पुरुषांच्या रांगेतून सोडवायचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नावाचा क्रम ठरवला आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्या त्रिरश्मी लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा स्वतःला गौतमीचा मुलगा म्हणवून घेतो, तेव्हा हे काही परकं नाही. आम्ही तोच क्रम भरला, आडनाव पडताळणीसाठी ठेवलं, आणि लग्नानंतर मुलीचं नाव बदलायचं नाही हे दोन्ही घरच्यांसमोर विहारात बोलून दाखवलं.

नावाचं पहिलं अक्षर आईनेच सुचवलं. तिच्या मावशीच्या नावाचं. मावशी शाळेत जाऊ शकली नव्हती.